फ्रेंच पर्यटन पुस्तिका इंग्रजीत आणताना: फुगलेल्या विशेषणांच्या नोंदी

१४ ऑक्टोबर

काम हातात आलं. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्य जिल्ह्यातल्या एका छोट्या पर्यटन कार्यालयाची पुस्तिका आहे, पुढच्या हंगामासाठी. पेरिगोर न्वार हा भाग: सार्ला गाव, दोर्दोन्य नदीकाठचे किल्ले, वेझेर खोऱ्यातल्या आदिमानवाच्या गुहा. वाचक मुख्यतः ब्रिटिश. इंग्रज मंडळी या भागात पिढ्यान्‌पिढ्या सुट्टीला येतात, कित्येकांची तिथे घरंही आहेत. म्हणजे वाचक भोळा नाही. त्याने अशा पुस्तिका बऱ्याच वाचल्या आहेत.

मी पुण्यात बसून फ्रेंच-इंग्रजी करते. पर्यटनाचा मजकूर घेणाऱ्या नव्या मंडळींना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे. कार्यालयाने ईमेलमध्ये एक वाक्य लिहिलंय: मागच्या वेळचं इंग्रजी 'फार गोड' झालं होतं, तेवढं सांभाळा. सगळं काम या एका वाक्याभोवती फिरणार.

पहिलं वाचन फक्त मार्कर घेऊन केलं. 'एक्सेप्स्योनेल', 'अँकाँतुर्नाब्ल', 'वेरिताब्ल', 'ओताँतिक', 'माजिक', 'फेरिक' हे शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर; म्हणजे असामान्य, चुकवू नये असं, खरंखुरं, अस्सल, जादुई, परीकथेतलं. गाव म्हणजे 'ज्वायो', रत्न. बाग म्हणजे 'एक्रँ', दागिन्याची मखमली डबी. प्रत्येक वाडी 'नीशे', घरट्यात बसल्यासारखी.

कोणता शब्द किती वेळा येतो ते आधी मोजून घ्यावं. पीडीएफमधून मजकूर काढून साधी आज्ञा चालवली:

```
pdftotext brochure.pdf
grep -oiwE "exceptionnel(le)?s?|incontournables?|véritables?|authentiques?" brochure.txt | sort -f | uniq -ic | sort -rn
```

या मोजणीने भाषांतर होत नाही. पण पुढे ग्राहकाशी बोलताना 'मला जरा जास्त वाटतंय' याऐवजी 'हा शब्द इतक्या वेळा आलाय' असं सांगता येतं, आणि त्याला वजन असतं.

१६ ऑक्टोबर

नमुना म्हणून ला रोक-गाजाक या गावाचं पान घेतलं आणि त्याचे दोन मसुदे केले.

पहिला शब्दाला शब्द. विशेषणाला विशेषण ठेवलं की इंग्रजीत 'ट्रू ज्युएल', 'एक्सेप्शनल', 'ब्रेथटेकिंग', 'मॅजिकल' अशी रांग लागते. माझं इंग्रजी तपासणाऱ्या बाई लीड्सच्या आहेत, निवृत्त संपादक. त्यांना फक्त हा मसुदा पाठवला, मूळ फ्रेंच नाही. उत्तर आलं: "हे वाचून मला कोणी तरी काही तरी विकतंय एवढंच कळलं. गाव कसं आहे ते कळलं नाही."

दुसरा मसुदा सगळी विशेषणं काढून. तोही चालला नाही. उरलं ते असं: नदीकाठी एक गाव आहे, मागे कडा आहे, बाग आहे, बोटी आहेत. महसूल खात्याच्या नोंदीसारखं. ग्राहकाचं उत्तर फक्त एका ओळीचं, पण बरोबर होतं: हे वाचून कोणी गाडी वळवणार नाही.

यातून जे कळलं त्यावर पुढचं सगळं काम उभं आहे. फ्रेंच पुस्तिकेतली विशेषणं म्हणजे खोटेपणा नव्हे. आपल्या लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' लिहितात किंवा 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' म्हणतात, तेव्हा कोणी त्याचा पुरावा मागत नाही. तो रिवाज आहे, आणि तो नसला तर पत्रिका उद्धट वाटते. फ्रेंच पर्यटन मजकुरातलं 'एक्सेप्स्योनेल' असंच सौजन्य म्हणून येतं. इंग्रज वाचक मात्र तोच शब्द दावा म्हणून वाचतो. दावा म्हणून वाचला की तो पुरावा शोधतो, आणि पुरावा नसला की पुढच्या वाक्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. म्हणून नुसतं काढून भागत नाही. विशेषण ज्या गोष्टीवरून सुचलं असेल ती गोष्ट शोधून त्या जागी ठेवावी लागते.

१९ ऑक्टोबर

ला रोक-गाजाक पुन्हा घेतलं, वाक्यामागून वाक्य.

मूळ फ्रेंच वाक्याचा आशय असा: दोर्दोन्यच्या काठी कड्याच्या कुशीत वसलेलं, पेरिगोरचं खरंखुरं रत्न असलेलं हे गाव आपल्या असामान्य हवामानाने, जादुई वातावरणाने आणि भव्य वास्तूंनी तुम्हाला मोहून टाकेल.

यात विशेषणं पाच ठिकाणी आहेत. एकेकाला विचारलं: तुझ्यामागे काय आहे?

'कड्याच्या कुशीत' यामागे खरंच काही आहे. चुनखडीचा उंच कडा आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं कड्याला पाठ लावून, एकावर एक चढत गेली आहेत. इंग्रजीत लगेच सुचणारा 'नेसल्ड' इतका वापरून झालाय की वाचकाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. त्याऐवजी नदी कुठे, कडा कुठे आणि घरं कशी, हे सरळ सांगितलं.

'असामान्य हवामान' यामागे तर सगळ्यात चांगली गोष्ट लपली होती. कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे. उत्तरेचा वारा अडतो, दगड दिवसभर तापतो, आणि त्यामुळे इथे ताड नि केळी उघड्यावर वाढतात. चर्चजवळ त्यांची बागच आहे. फ्रान्सच्या आतल्या भागात, समुद्रापासून इतक्या लांब, केळीचं झाड! इंग्रज वाचकाला आश्चर्य वाटण्यासाठी एवढं पुरे. मूळ मजकुरात केळीचा उल्लेखच नव्हता. 'असामान्य' लिहिलं आणि लेखकाला वाटलं की सगळं सांगून झालं.

'खरंखुरं रत्न' आणि 'जादुई वातावरण' यांमागे काही सापडलं नाही. काढून टाकलं.

'भव्य वास्तू' म्हणजे कोणती, हे ग्राहकाला विचारावं लागलं. उत्तर आलं: गावाच्या टोकाचा मालार्त्री शातो, म्हणजे वाडा. दुसऱ्या पानावर त्यालाच 'भव्य मध्ययुगीन' म्हटलंय. दिसायला तो पंधराव्या शतकातला वाटतो खरा, पण त्याचं आजचं रूप त्या जुन्या शैलीत बऱ्याच नंतर उभं केलेलं आहे. तेव्हा 'मध्ययुगीन' इंग्रजीत तसंच गेलं असतं तर ती माहितीची चूक झाली असती. इंग्रजीत 'इन द फिफ्टींथ-सेंचुरी स्टाइल' लिहिलं. 'स्टाइल' या एका शब्दाने वाक्य खरं झालं, आणि 'भव्य'ची गरज उरली नाही, कारण फोटोत शातो दिसतोच आहे.

इंग्रजी मसुदा असा झाला: 'द हाउसेस क्लाइंब फ्रॉम द रिव्हर टू द फुट ऑफ अ लाइमस्टोन क्लिफ. इट फेसेस साउथ अँड कीप्स ऑफ द नॉर्थ विंड, सो पाम्स अँड बनाना ट्रीज ग्रो आउटडोअर्स बिसाइड द चर्च.' एकही मोठं विशेषण नाही. लीड्सच्या बाईंनी कळवलं: "केळी? खरंच? मला जायचंय." नमुना ग्राहकाकडून मंजूर.

वेळ मात्र गेला. नेहमीच्या मजकुराचे दिवसाला दोन-अडीच हजार शब्द होतात. या पद्धतीने जेमतेम निम्मे होतात. पुढच्या वेळी दर सांगताना हे लक्षात ठेवायला हवं.

२३ ऑक्टोबर

आजचा दिवस अशा विशेषणांचा, ज्यांना हात लावायचा नाही.

फ्रान्समध्ये काही फुगीर वाटणारे शब्द म्हणजे प्रत्यक्षात अधिकृत मानचिन्हं आहेत. 'ले प्ल्यू बो व्हिलाज द फ्राँस', म्हणजे फ्रान्समधली सर्वात सुंदर गावं. हा लेखकाचा उत्साह नव्हे. 1982 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचं ते नाव आहे. सदस्य व्हायला गावाची वस्ती दोन हजारांच्या आत असावी लागते आणि तिथे किमान दोन संरक्षित स्थळं असावी लागतात. ला रोक-गाजाक, बेनाक, कास्तेलनो, दोम ही गावं त्यात आहेत. 'कमी करा' या धोरणाच्या भरात 'अ प्रिटी व्हिलेज' लिहिलं तर गावाचं मानचिन्हच पुसलं जातं, आणि सरपंच, म्हणजे तिथला मेअर, रागावणार. त्याचा राग योग्यच असेल.

दुसरं 'जार्दँ रमार्काब्ल'. वरवर पाहता 'उल्लेखनीय बाग'. पण हे संस्कृती मंत्रालयाचं 2004 पासूनचं मानचिन्ह आहे. तिसरं 'ग्राँ सीत द फ्राँस', तेही सरकारी. वेझेर खोऱ्याला ते 2020 मध्ये मिळालं.

अडचण अशी की हेच शब्द त्याच पुस्तिकेत साधे म्हणूनही येतात. एका पानावर एक बाग 'रमार्काब्ल' आहे कारण तिला मानचिन्ह आहे; पुढच्या पानावरची 'रमार्काब्ल' आहे कारण लेखकाला आवडली. ओळखायची पहिली खूण म्हणजे मोठं अक्षर किंवा अवतरण चिन्ह, पण मांडणी करणारे ती बेफिकिरीने वापरतात, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. प्रत्येक ठिकाणी मंत्रालयाची किंवा संघटनेची अधिकृत यादी उघडून पाहायची. मानचिन्ह असेल तर इंग्रजीत फ्रेंच नाव मोठ्या अक्षरांत ठेवायचं आणि पहिल्यांदा येईल तिथे ते कोण देतं हे अर्ध्या वाक्यात सांगायचं. मग ते फुशारकीसारखं न वाटता माहितीसारखं वाचलं जातं.

'क्लासे' या शब्दानेही असाच वेळ घेतला. पुस्तिकेत आख्खं वेझेर खोरं 'युनेस्कोने क्लासे केलेलं' आहे. 1979 साली जागतिक वारसा यादीत नोंद झाली ती खोऱ्यातल्या ठरावीक पंधरा स्थळांची, चित्रगुहा आणि उत्खननाच्या जागांची. खोऱ्यातली प्रत्येक टेकडी नि प्रत्येक उपाहारगृह त्यात येत नाही. वाक्य स्थळांपुरतं आवळलं.

२८ ऑक्टोबर

'एक्सेप्स्योनेल' या एका शब्दासाठी वेगळी नोंद, कारण त्याने सगळ्यात जास्त घोळ घातला.

फ्रेंचमध्ये या शब्दाचे दोन अर्थ शेजारीशेजारी राहतात. एक 'अप्रतिम'. दुसरा 'नेहमीचा नाही, एकदाच, अपवाद म्हणून'. कार्यक्रमांच्या पानावर 'उव्हेर्त्यूर एक्सेप्स्योनेल' आहे: सप्टेंबरमधल्या युरोपीय वारसा दिनांना एक खासगी वाडा उघडणार. इथे 'एक्सेप्शनल ओपनिंग' लिहिलं तर वाचकाला वाटेल की उद्‌घाटन फारच दिमाखदार आहे. अर्थ साधा आहे: एरवी बंद असतो, या दोन दिवसांत उघडा. 'ओपन फॉर दिस वीकेंड ओन्ली'. 'फेर्मेत्यूर एक्सेप्स्योनेल' म्हणजे त्या दिवशी बंद. ते चुकलं तर माणूस तासभर गाडी चालवून कुलपापुढे उभा राहतो.

आधीच्या इंग्रजी पुस्तिकेत हे दोन्ही 'एक्सेप्शनल'च होते. म्हणून या शब्दाची प्रत्येक जागा हाताने तपासली, 'शोधा आणि बदला' वापरलं नाही. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी खूण: शेजारी तारीख, वेळ, दर किंवा उघडणं-बंद होणं असेल तर अर्थ बहुधा 'अपवाद म्हणून'. शेजारी दृश्य, वास्तू किंवा जेवण असेल तर 'अप्रतिम', आणि मग ला रोक-गाजाकच्या पानासारखं त्यामागचं कारण शोधायचं.

४ नोव्हेंबर

लास्को, वेझेर खोऱ्यातली आदिमानवाच्या चित्रांची गुहा. पुस्तिकेतलं सगळ्यात महत्त्वाचं पान, आणि इथेच विशेषणाने वाचकाची खरी दिशाभूल होते.

मूळ मजकूर म्हणतो: लास्को चारमध्ये या, आदिमानवाच्या कलेसमोर 'ओताँतिक' अनुभव घ्या. फ्रेंच वाचकाला संदर्भ ठाऊक असतो. गुहा सप्टेंबर 1940 मध्ये सापडली. पर्यटकांच्या श्वासामुळे आणि दिव्यांमुळे भिंतींवर शेवाळ धरायला लागलं, म्हणून 1963 मध्ये ती लोकांसाठी बंद झाली. 1983 मध्ये दोन दालनांची प्रतिकृती उघडली, ती लास्को दोन. 2016 च्या डिसेंबरात माँतिन्याक गावात लास्को चार उघडलं, जवळजवळ सगळ्या गुहेची पूर्ण आकाराची प्रतिकृती. फ्रेंच वाचकाला तिथे 'ओताँतिक'चा अर्थ मनापासून भिडणारा, खोल असा कळतो. इंग्रजीतला 'ऑथेंटिक' मात्र 'अस्सल, मूळ' असं सांगतो. म्हणजे मी शब्द तसाच ठेवला तर ब्रिटिश वाचक मूळ गुहेत शिरणार म्हणून तिकीट काढेल.

इथे विशेषण काढून पुरलं नाही. उलट, माहितीच पुढे आणावी लागली. पहिल्याच वाक्यात 'फुल-साइज रेप्लिका', दुसऱ्यात मूळ गुहा 1963 पासून बंद आणि का. ग्राहकाला भीती वाटली: 'रेप्लिका' पहिल्याच ओळीत आलं तर लोक येणार नाहीत. मी समासात कारण लिहिलं: दाराशी कळण्यापेक्षा पुस्तिकेत कळलेलं बरं, आणि प्रतिकृती का करावी लागली ही कहाणीच या जागेची सगळ्यात ओढ लावणारी गोष्ट आहे. ते मान्य झालं.

मग 'महाकाय बैल' होते. बैलांच्या दालनातला सर्वात मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे. 'महाकाय' काढून 'मोअर दॅन फाइव्ह मीटर्स लाँग' लिहिलं. ब्रिटिश वाचक फूटही वापरतात, पण फ्रान्समध्ये सगळीकडे मीटरच दिसणार, म्हणून मीटरच ठेवले. 'थरारक वातावरण' यामागे काय, हे विचारलं तेव्हा मार्गदर्शिकेने सांगितलं की प्रतिकृतीतलं तापमान मूळ गुहेसारखं साधारण तेरा अंश ठेवतात आणि आत अंधुक असतं. तेच लिहिलं, आणि जोडून: स्वेटर आणा. या दोन शब्दांनी वाचकाला आतला गारवा जाणवतो.

७ नोव्हेंबर

सगळीच मोठी विशेषणं उतरवायची नसतात. लेझेझीजवळची फाँ-द-गोम ही गुहा. मूळ वाक्य म्हणतं की अनेक रंगांत रंगवलेली चित्रं असलेली, अजून लोकांना पाहता येणारी फ्रान्समधली ही शेवटची गुहा. यात 'शेवटची' हे विशेषण नसून बातमी आहे. इथे प्रतिकृती नाही. दगडावरचे गवे हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले तेच आहेत, आणि म्हणूनच आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात.

इथे काळजी वेगळी घ्यावी लागली. वाक्य आटोपशीर करायच्या नादात 'अनेक रंगांत' किंवा 'फ्रान्समधली' गळलं तर दावा चुकतो. जवळचीच रुफिन्याक गुहाही मूळ आहे आणि लोकांना खुली आहे. तिथे विजेच्या छोट्या आगगाडीतून आत नेतात. पण तिथली मॅमथची चित्रं काळ्या रेषांची आणि कोरलेली आहेत, रंगीत नाहीत. म्हणजे मर्यादा घालणारा प्रत्येक शब्द कामाचा आहे. वाक्य लांब झालं तरी सगळे ठेवले.

या पानावर मी एक मोठं इंग्रजी विशेषण मुद्दाम ठेवलं: 'एक्स्ट्रॉर्डिनरी'. आख्ख्या पुस्तिकेत ते एकदाच येतं. आजूबाजूचं सगळं शांत असल्यामुळे ते ऐकू येतं.

१२ नोव्हेंबर

नदीकाठचे किल्ले आणि सार्ला. फार अडलं नाही.

बेनाक आणि कास्तेलनो दोन्ही 'रुबाबदार'. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे असलेले हे किल्ले शंभर वर्षांच्या युद्धात बराच काळ एकमेकांच्या विरोधात होते. कास्तेलनो बहुतेक वेळ इंग्रजांकडे. ब्रिटिश वाचकाला हे सांगितलं की रुबाब सांगावा लागत नाही. कास्तेलनोत आज मध्ययुगीन युद्धाचं संग्रहालय आहे आणि दगड फेकणारी मोठी यंत्रं उभी आहेत. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला तेवढं पुरे.

सार्लाला 'प्रेझेर्वे', जपलेलं, म्हटलंय. त्यावरून इंग्रजीत पटकन 'अनस्पॉइल्ट' सुचतं, म्हणजे कोणाचा हात न लागलेलं. ते खरं नाही. सार्लाचं जुनं गाव आज असं दिसतं कारण 1962 च्या मालरो कायद्यानंतर ते पद्धतशीर दुरुस्त केलं गेलं. तो कायदा जिथे सुरुवातीला राबवला त्यांपैकी हे एक. 'केअरफुली रिस्टोअर्ड' हे खरंही आहे आणि गावाच्या कष्टांना न्याय देणारंही. बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. 'चविष्ट, रंगीबेरंगी, जिवंत' यांच्या जागी तिथे मिळणाऱ्या वस्तूंची नावं घातली: अक्रोड, फुआ ग्रा, हंगामात ट्रफल. छपराखालचा बाजार एका जुन्या चर्चमध्ये आहे आणि त्याची प्रचंड पोलादी दारं जाँ नुव्हेल यांनी केलेली आहेत, हेही मूळ मजकुरात नव्हतं, विचारल्यावर आलं.

१८ नोव्हेंबर

मांडणीची अडचण, जिच्याबद्दल आधी कोणी सांगितलं नव्हतं. फ्रेंचचं इंग्रजी केलं की मजकूर एरवीही दहा-पंधरा टक्के आखडतो. त्यात विशेषणं गेली. चौकटी अर्ध्या रिकाम्या दिसायला लागल्या आणि मांडणीकाराचा फोन आला: "जागा भरा."

रिकाम्या जागेत विशेषणं परत घुसवायची नाहीत एवढं ठरलं होतं. मग काय भरायचं? वाचकाने फोन करून विचारलं असतं ते: गाडी कुठे लावायची, लहान मुलांची ढकलगाडी जाते का, पायऱ्या आहेत का, आधी आरक्षण लागतं का. दर आणि वेळा टाळल्या, कारण पुस्तिका दोन वर्षं वाटली जाते आणि वेळा दर हंगामात बदलतात. यातली एकही ओळ मी मनाने लिहिली नाही. प्रश्नांचा तक्ता करून ग्राहकाला पाठवला: एका रकान्यात पान, दुसऱ्यात मूळ विशेषण, तिसऱ्यात 'यामागे काय आहे?', चौथा त्यांच्यासाठी रिकामा. नवी माहिती घातली की तिची जबाबदारी आपल्यावर येते. ती ग्राहकाच्या हातून लेखी आलेली असली पाहिजे. उत्तरांची वाट पाहण्यात आठवड्याहून जास्त गेला. तक्ता पहिल्याच दिवशी पाठवता आला असता तर तो वाचला असता.

२६ नोव्हेंबर

पर्यटन कार्यालयाच्या समितीचे शेरे आले. बरेचसे ठीक. एका गावाच्या प्रतिनिधीचं म्हणणं: शेजारच्या गावाला दोन ओळी जास्त आणि आमचं 'भव्य' गेलं. तक्रार समजण्यासारखी आहे. ज्या गावाबद्दल सांगण्यासारखं जास्त सापडलं त्याला जास्त मिळालं, आणि विशेषणं होती तोवर सगळी गावं सारखी दिसत होती.

त्यांना लिहिलं की 'भव्य' परत घालता येईल, पण त्याऐवजी तुमच्या गावातली एक गोष्ट सांगा, जी शेजारी नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं: तिथल्या चर्चचं छप्पर अजून लोझचं, म्हणजे चुनखडीच्या जाड दगडी फरशांचं आहे, वजन इतकं की खालचं लाकूडकाम तीव्र उताराचं आणि फार दणकट करावं लागतं. ते गेलं छापायला, आणि 'भव्य'चा विषय पुन्हा निघाला नाही.

शीर्षकांमधली आज्ञार्थी वाक्यं, 'मोहून जा', 'थक्क व्हा', 'शोधून काढा', त्यांच्या जागी नुसती ठिकाणांची नावं ठेवली. यावर कोणी हरकत घेतली नाही.

३ डिसेंबर

पैशांबद्दल. दर मूळ फ्रेंच शब्दांवर ठरला होता, हे बरं झालं. इंग्रजी शब्दांवर असता तर जितकं चांगलं काम तितके कमी पैसे मिळाले असते. प्रश्नांचा तक्ता, याद्या तपासणं आणि समितीशी पत्रव्यवहार हे तासांवर वेगळं लावायला हवं होतं. दरपत्रकात त्याची ओळ नव्हती, आणि काम सुरू झाल्यावर ती घालणं योग्य वाटलं नाही. लीड्सच्या बाईंचं मानधन माझ्या रकमेतून गेलं. पुढच्या दरपत्रकात तीन ओळी असतील: भाषांतर, माहितीची पडताळणी, इंग्रज वाचकाकडून तपासणी.

११ डिसेंबर

मुद्रितं तपासली. मजकूर ठीक, पण फोटोखालच्या ओळींत जुनं इंग्रजी तसंच राहिलेलं: 'मॅजिकल', 'एक्सेप्शनल', 'ट्रू ज्युएल'. त्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये होत्या आणि माझ्याकडे आल्याच नव्हत्या. वाचक आधी फोटो पाहतो आणि त्याखालची ओळ वाचतो, तेव्हा हे महत्त्वाचं होतं. सगळ्या बदलल्या: जागा, दिशा, ऋतू. ला रोक-गाजाकच्या फोटोखाली आता लिहिलंय की तो नदीतल्या गाबारवरून, म्हणजे सपाट तळाच्या जुन्या मालवाहू होडीसारख्या बोटीवरून घेतला आहे, आणि अशा बोटी गावाच्या धक्क्यावरूनच सुटतात. मलपृष्ठावरची एक ओळ मांडणीकाराकडे अजून आहे. ती आली की फाइल छपाईला जाईल.